तुमची इक्विटी 63 टक्के नाही, 20 टक्के आहे

प्रश्न: मी 44 वर्षांचा, नाशिकला एका कारखान्यात अभियंता आहे. पत्नी घरी शिकवण्या घेते. मुलगी दहावीत, मुलगा चौथीत. माझी गुंतवणूक 19 लाखांची आहे: 12 लाख इक्विटी फंडांत, 7 लाख एफडीत. म्हणजे 63 टक्के इक्विटी. शंभरातून वय वजा करा, तेवढी इक्विटी ठेवा असं म्हणतात, त्या हिशेबाने 56 हवी. मेहुणे म्हणतात, एफडी मोडून सगळं फंडांत टाका. वडील म्हणतात, पोरीचं शिक्षण तोंडावर आलंय, फंड विकून एफडी कर. याशिवाय पीएफमध्ये 24 लाख आहेत आणि माझे व कंपनीचे मिळून दरमहा 13 हजार त्यात जातात. 2013-14 मध्ये उघडलेल्या पीपीएफमध्ये 9 लाख आणि मुलीच्या सुकन्या खात्यात 8 लाख आहेत, पण ते वेगळं. घरखर्च महिन्याला 62 हजार. एसआयपी 15 हजारांची आहे, आणि गृहकर्ज नुकतंच फिटल्यामुळे 20 हजार मोकळे झालेत. मुलीला इंजिनिअरिंगला जायचंय, आजच्या दराने हॉस्टेल धरून वर्षाला 3 लाख लागतील. इक्विटी आणि डेट किती-किती ठेवू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या पत्रातले सर्वांत महागात पडू शकणारे तीन शब्द म्हणजे ‘पण ते वेगळं’. ते वेगळं नाही. पीएफ, पीपीएफ आणि सुकन्या या तिन्ही ठिकाणी पैसे व्याजावर ठेवलेले आहेत, म्हणजे तेही डेटच. फरक इतकाच की ते पगारातून परस्पर कापले जातात किंवा पोस्टाच्या पासबुकात असतात, म्हणून आपण त्यांना ‘गुंतवणूक’ म्हणत नाही. ते धरून बेरीज केली तर तुमच्याकडे 60 लाख आहेत आणि त्यात इक्विटी 12 लाख, म्हणजे 20 टक्के. पगारदार माणसांच्या हिशेबात हीच चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते. इक्विटी जास्त झाली या भीतीने लोक फंड विकतात, आणि मुळात थोडी असलेली इक्विटी आणखी कमी करून बसतात.

आता तुम्ही म्हणाल, मग 20 वरून 56 वर नेतो. थांबा. शंभरातून वय वजा करणारं सूत्र तुमचं वय विचारतं, मुलांची इयत्ता विचारत नाही. 44 वर्षांच्या निपुत्रिक माणसालाही ते 56 सांगतं आणि तुम्हालाही 56च. तुमच्यापुढे तीन वेगळे खर्च आहेत आणि तिघांच्या तारखा बऱ्याच लांब-लांब आहेत. मुलीची फी 2028 पासून 2031 पर्यंत. मुलगा 2034 मध्ये बारावी होईल, त्याची फी तिथून 2037 पर्यंत. आणि 58व्या वर्षी, आणखी 14 वर्षांनी, तुमची निवृत्ती. प्रत्येक खर्चाला कोणते पैसे लावायचे ते आधी ठरवू. टक्केवारी त्यातून आपोआप निघेल.

कोणते पैसे इक्विटीत ठेवायचे नाहीत, हे ठरवायला सेन्सेक्सचा एक कालखंड आठवावा. जानेवारी 2008 मध्ये तो 21 हजारांवर होता आणि मार्च 2009 मध्ये 8 हजारांच्या आसपास आला. 2010च्या दिवाळीत त्याने पुन्हा 21 हजारांना हात लावला, पण टिकला नाही. ती पातळी पुन्हा ओलांडायला 2013 ची अखेर उजाडली. म्हणजे शिखरावर आलेल्या माणसाला मुद्दल परत दिसायला जवळजवळ सहा वर्षं लागली. 2020च्या करोनातली घसरण तुम्हाला जास्त आठवत असेल. तेव्हा मार्चमध्ये आपटलेला बाजार नोव्हेंबरपर्यंत वर आला होता. त्या झटपट उसळीमुळे खूप जणांची समजूत झाली आहे की बाजार पडला तरी आठ-नऊ महिन्यांत भरून येतोच. कॉलेजची फी त्या भरवशावर ठेवता येत नाही, कारण प्रवेशफेरीची तारीख बाजारासाठी पुढे जात नाही. म्हणून मी चार ते पाच वर्षांच्या आत लागणारा रुपया इक्विटीत ठेवत नाही.

पहिला खर्च मुलीचा. आजचे 3 लाख दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढतात असं धरलं, तर 2028 मध्ये पहिल्या वर्षाचे साडेतीन ते पावणेचार लाख लागतील. पुढच्या तीन वर्षांचे मिळून आणखी पावणेतेरा लाख. वडिलांची काळजी या रकमेची आहे आणि ती रास्त आहे. पण त्यासाठी फंड विकायची गरज नाही, कारण हे पैसे तुमच्याकडे आहेत आणि योग्य तारखांना मोकळेही होतात.

एफडीचे 7 लाख घ्या. त्यातले पावणेचार लाख हा सहा महिन्यांचा घरखर्च. तो अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा आणि गुंतवणुकीच्या हिशेबातून काढूनच टाका. उरलेले सव्वातीन लाख 2028च्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास मुदत संपेल अशा एफडीत ठेवा. व्याजावरचा कर जाऊनही पहिल्या वर्षाची फी त्यातून भागेल. मेहुण्यांचा सल्ला मानला तर नेमके हेच पैसे अडीच वर्षांसाठी बाजारात जातील. तेवढं करू नका.

पुढच्या तीन वर्षांसाठी पीपीएफ. तुमचं खातं 1 एप्रिल 2029 रोजी 15 वर्षं पूर्ण करतं, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या फीच्या चार महिने आधी. सध्याच्या 7.1 टक्के दराने आजचे 9 लाख तोवर सव्वाअकरा लाखांच्या आसपास होतील. खातं चालू राहावं म्हणून दरवर्षी 500 रुपये भरत राहा. त्याहून जास्त भरायची आता गरज नाही.

इथे एक गोष्ट नीट वाचा. मुदत संपली की बँकेत किंवा पोस्टात काउंटरवर ‘पाच वर्षं वाढवून देऊ का?’ असं विचारतात आणि आपण मान डोलावतो. वाढवण्याचे दोन प्रकार आहेत. नवे पैसे भरण्याची मुभा ठेवून वाढवलं, तर पुढच्या पाच वर्षांत मिळून, वाढवतानाच्या शिलकेच्या 60 टक्केच काढता येतात. नवे पैसे न भरता खातं तसंच राहू दिलं, तर शिलकेवर व्याज चालू राहतं, ते करमुक्तच असतं, आणि दर आर्थिक वर्षात एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. वर्षाला एक फी, वर्षाला एकदा पैसे काढणे, यापेक्षा सोयीचं जुळणं शोधून सापडणार नाही. म्हणून एप्रिल 2029 नंतर त्या खात्यात एक रुपयाही भरू नका आणि मुदतवाढीच्या फॉर्मवर सही करू नका.

सुकन्या खात्यातून मुलगी 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी पैसे काढता येतात, पण मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्मेच, आणि तेही प्रवेशाचा कागद व फीची पावती दाखवून, प्रत्यक्ष मागितलेल्या फीपुरते. एकदम काढा किंवा वर्षाला एकदा असं पाच वर्षांपर्यंत हप्त्याने काढा. तुमच्या 8 लाखांचे 2028 पर्यंत साधारण साडेनऊ होतील, निम्मे म्हणजे पावणेपाच लाख. कॉलेजची फी सुकन्यातून आणि हॉस्टेल-मेसचा खर्च पीपीएफमधून, अशी वाटणी सोपी पडेल. दोन्ही मिळून 16 लाख होतात आणि गरज पावणेतेरा लाखांची आहे. वरचे तीन-सव्वातीन लाख मी मुद्दाम कशालाही जोडत नाही. फीवाढ माझ्या 8 टक्क्यांहून जास्त निघाली तर ते लागतील. सुकन्यातली उरलेली निम्मी रक्कम खात्याला 21 वर्षं होईपर्यंत किंवा मुलीच्या लग्नापर्यंत अडकलेली राहील. ती मुलीची समजा.

म्हणजे मुलीचं शिक्षण शंभर टक्के डेटमधून होतंय आणि तुमच्या 12 लाखांच्या फंडांना हातही लागत नाही. (मुलीने बारावीत मन बदलून खासगी मेडिकलचा हट्ट धरला तर हे गणित पुरणार नाही. त्या वेळी पीएफ मोडण्याआधी शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.)

मुलाची गोष्ट उलटी आहे. सुकन्या मुलांसाठी नसते, त्यामुळे त्याच्या नावावर तुमच्याकडे एक पैसाही नाही, पण वेळ साडेआठ वर्षं आहे. आजचे 3 लाख तेव्हा पावणेसहा लाखांच्या घरात जातील आणि चार वर्षांची बेरीज 26 लाखांवर जाईल. आकडा बघून घाबरू नका. आजच्या फंडांतले 4 लाख त्याच्यासाठी राखून ठेवा आणि एसआयपीतले 12 हजार त्याच्या नावे मोजा. सरासरी 9 टक्के परतावा धरला तर 2034च्या सुमारास साडेसव्वीस लाख होतात. परतावा 9 धरलाय, 12-13 नाही. शेवटची काही वर्षं यातले पैसे टप्प्याटप्प्याने एफडीत येणार आहेत, आणि 9 ची हमी मीही देऊ शकत नाही. दर दोन वर्षांनी आकडा तपासा, मागे पडत असेल तर एसआयपी हजार-दोन हजारांनी वाढवा.

हे पैसे इक्विटीतून बाहेर कधी काढायचे, यावरच पुष्कळ जण घसरतात. मुलगा बारावीत जाईपर्यंत सगळं बाजारात ठेवायचं आणि मग एका दिवशी विकायचं, हा जुगार झाला. त्याऐवजी प्रत्येक वर्षाची फी चार वर्षं आधी बाहेर काढा: 2034ची फी 2030 मध्ये, 2035ची 2031 मध्ये, याप्रमाणे. 2030 मध्ये साधारण साडेचार लाख काढून एफडीत ठेवले की चार वर्षांत ते पावणेसहाच्या जवळ जातात. एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटीवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यावर 12.5 टक्के. वर्षाला एका फीपुरतं विकल्यामुळे ही सूटही दरवर्षी वापरली जाते, एकदम विकलं की एकदाच मिळते.

आणि 2030 मध्येच बाजार पडलेला असेल तर? ‘वर आला की काढू’ म्हणून वाट बघू नका. तेव्हा फंड विकू नका, तर त्या वर्षाची सगळी एसआयपी थांबवून ते पैसे एफडीत वळवा. गृहकर्जाचे मोकळे झालेले 20 हजार धरून तुमची एकूण एसआयपी आता 35 हजारांची होणार आहे, वर्षाचे 4 लाख 20 हजार, म्हणजे जवळपास एका वर्षाची फी. पडलेले युनिट तसेच राहतात आणि फीही बाजूला पडते.

उरली निवृत्ती. तिच्यासाठी पीएफचे 24 लाख आणि फंडांतले उरलेले 8 लाख आहेत, म्हणजे 32 लाखांत फक्त एक चतुर्थांश इक्विटी, आणि ती 14 वर्षांनंतरच्या खर्चासाठी! इथे तुम्ही गरजेपेक्षा बरेच सावध आहात. शिवाय पीएफमध्ये दरमहा 13 हजारांची भर तुम्हाला न विचारता पडतेच आहे. म्हणून एसआयपीचे उरलेले 23 हजार पूर्णच्या पूर्ण इक्विटीत जाऊ द्या. गृहकर्ज फिटलं की कंपनीतले सहकारी व्हीपीएफ, म्हणजे पीएफमधली स्वेच्छेची जादा वर्गणी, वाढवायला सांगतील, 8.25 टक्के व्याज दिसायला छान आहे. वाईट सल्ला नाही, पण तुम्हाला नको. तुमच्याकडे या कप्प्यात डेट आधीच जास्त आहे. शिवाय वर्षात स्वतःची वर्गणी अडीच लाखांवर गेली की जास्तीच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं.

एवढं करून पाच वर्षांनी काय दिसेल? पीएफ 45 लाखांच्या आसपास आणि 10 टक्के परतावा धरला तर निवृत्तीची इक्विटी 30-31 लाख. म्हणजे इक्विटीचा वाटा 40 टक्के. नवे पैसे सगळे इक्विटीत टाकूनही पाच वर्षांत फक्त 25 वरून 40! म्हणून मी तुम्हाला एकरकमी काही हलवायला सांगत नाही. वाटा हळूहळू चढेल आणि तेवढ्या वेळात तुमची सवयही होईल. 50 ते 55 च्या दरम्यान आला की तिथे थांबवा. त्यापुढे गेला तर फंड विकण्याआधी एसआयपीची दिशा बदला, विकण्यावर कर लागतो, दिशा बदलण्यावर लागत नाही. वर्षातून एकदा, पीएफचं पासबुक अद्ययावत झालं की, हा हिशेब करा. दर महिन्याला बघू नका.

सवयीचं म्हणालो ते उगाच नाही. आज बाजार 2008 सारखा 60 टक्के पडला तर तुमच्या 12 लाखांचे पाच होतील, 60 लाखांवर 12 टक्के खड्डा. झोप उडेल, पण घर चालेल. 2030च्या अखेरीस तुमच्याकडे मुलाचे आणि निवृत्तीचे मिळून 40-45 लाख इक्विटीत असतील, आणि तेव्हा तशीच पडझड झाली तर कागदावर 25 लाख उडालेले दिसतील. खरी परीक्षा ती आहे, आजची नाही. 2020च्या मार्चमध्ये तुम्ही काय केलं होतं ते आठवून बघा. एसआयपी बंद केली होती का? केली असेल तर वाटा 40 टक्क्यांवरच थांबवा आणि पुढची भर निम्मी-निम्मी करा. परतावा थोडा कमी मिळेल, पण घाबरून तळाला विकण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

फंड कोणते, हे तुम्ही विचारलं नाही आणि त्यात फार अर्थही नाही. एक निफ्टी 50 चा इंडेक्स फंड आणि एक फ्लेक्सी कॅप पुरे. आत्ता पाच-सहा असतील तर नवी एसआयपी या दोनांतच चालू करा, जुने तसेच राहू द्या. डेटसाठी डेट फंडांचं पूर्वीचं आकर्षण राहिलेलं नाही. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर एफडीच्या व्याजासारखाच तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. जास्त व्याजाच्या आशेने क्रेडिट रिस्क फंडांत तर फीचे पैसे मुळीच ठेवू नका. एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेंपल्टनने एका दिवसात सहा डेट योजना बंद केल्या तेव्हा लोकांचे पैसे बुडाले नाहीत, पण हवे तेव्हा मिळाले नाहीत. फीच्या पैशाच्या बाबतीत दोन्हीचा अर्थ एकच.

पत्रात विम्याचा उल्लेख नाही. वर लिहिलेलं सगळं गणित तुमचा पगार 14 वर्षं चालू राहील यावर उभं आहे, आणि शिकवण्यांच्या पैशात 35 हजारांची एसआयपी चालणार नाही. टर्म विमा नसेल तर वाढवलेली एसआयपी सुरू करण्याआधी तो काढा, किमान एक कोटीचा, आणि मुदत 58-60व्या वर्षापर्यंतची. त्याचा हप्ता 23 हजारांतूनच जाऊ द्या. पीएफ, पीपीएफ आणि फंड या तिन्ही ठिकाणी नॉमिनी म्हणून पत्नीचं नाव आहे ना, तेही त्याच आठवड्यात तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यात पुष्कळदा अजून आईचंच नाव असतं.